दोन फसली आणि तीन कागद

पुण्याच्या इतिहास-त्रैमासिकाकडून लेख परत आला तेव्हा अण्णा दाढी करत होते. पोस्टमननं जाड पाकीट दारातून आत सरकवलं आणि त्याचा आवाज ऐकूनच त्यांना कळलं. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते बाहेर आले, पाकीट उचलून हातावर तोलून पाहिलं आणि म्हणाले, "परत आला."

"उघडून तर बघा," मी म्हटलं.

"वजन सांगतंय ना. छापणार असते तर एक कार्ड पाठवलं असतं."

अण्णा म्हणजे माझे वडील. ग्वाल्हेरच्या दरबारच्या दप्तरात ते मोडी वाचायला लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं, दारावरच्या पाट्या बदलल्या. अण्णांची खुर्ची, त्यांचा चष्मा आणि त्यांचे बस्ते मात्र जागच्या जागी राहिले. बस्ता म्हणजे लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यात किडीसाठी कडुनिंबाचा पाला घालत. अण्णा संध्याकाळी गोरखीतल्या कचेरीतून घरी आले की त्यांच्या सदऱ्याला त्या वाळल्या पाल्याचा कडवट वास यायचा. आई नाक मुरडायची. मला तो वास फार आवडायचा, अजूनही आवडतो. ग्वाल्हेरातच हरिशंकरपुरममध्ये माझं घर आहे, त्याच्या गॅलरीतून कोपऱ्यावरचा कडुनिंब दिसतो. त्याची पानं वाळून खाली पडली की मी उगाच दोन-चार उचलून घरात आणते. सुनेला वाटतं, सासूबाईंचं वय झालं.

तर तो लेख. अण्णांनी आयुष्यात लिहिलेला पहिला आणि एकुलता एक. एका जुन्या दुष्काळात दरबारनं विहिरी खणवल्या, मजुरांना धान्य दिलं, त्याबद्दलचे पाच हुकूम त्यांना बस्त्यांमध्ये सापडले होते. त्यांतला सगळ्यांत मोठा हुकूम दुष्काळाच्या आधीचा होता. म्हणजे दुष्काळ पडायच्या आधीच दरबारला त्याची चाहूल लागली होती! लेखाचं नावच त्यांनी 'दरबारची दूरदृष्टी' असं ठेवलं होतं. नावातच आरती ओवाळलेली होती, पण ते त्यांना सांगायची छाती कुणाची?

आणि वेळ कशी आली होती पाहा. राज्यांची पुनर्रचना ठरली होती. मध्यभारत मोडणार, राजधानी भोपाळला होणार. कचेऱ्यांमधून खिळे ठोकल्याचे आवाज यायचे. नया बाजारात ज्याला त्याला एकच विचारणा, "आपका नंबर कब का है?" अण्णांच्या दप्तरातले काही बस्ते भोपाळला जायचे होते आणि बस्त्यांबरोबर अण्णाही. ते बस्ते तिथे कुठे ठेवणार, कधी सोडणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. ग्वाल्हेर सुटायच्या आत लेखाचं एक काय ते व्हावं, एवढीच अण्णांची इच्छा होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून हातात धरता येईल असं दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं.

पाकिटात लेखाची प्रत होती, संपादकांचं पत्र होतं आणि दोन परीक्षकांचे अभिप्राय होते. नावं अर्थातच नव्हती. एकावर 'पहिले परीक्षक' आणि दुसऱ्यावर 'दुसरे परीक्षक' एवढंच.

अण्णांनी पहिला अभिप्राय उभ्या उभ्या वाचला. त्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला. पहिले परीक्षक म्हणजे शुद्ध मिरची. 'हा लेख आहे की स्तुतिस्तोत्र?' अशीच सुरुवात. प्रस्तावना निम्मी कापावी. विशेषणांचा सुकाळ आणि तळटिपांचा दुष्काळ. नकाशा का नाही? विहिरींच्या बांधकामाचं प्रकरण पाल्हाळिक आहे, काढून टाकावं. कोणता कागद कुठल्या बस्त्यातला हे लेखक सांगत नाही, वाचकांनी काय स्वप्नात शोधायचं?

"संपलं," अण्णा म्हणाले. "नाही म्हणतायत."

मग त्यांनी दुसरा अभिप्राय वाचला आणि चेहरा जरा निवळला. दुसरे परीक्षक म्हणजे साखरभात. लेखकाच्या व्यासंगाला वंदन, विहिरींचं प्रकरण तर फारच मोलाचं, असे कागद उजेडात आणल्याबद्दल सर्वांनी ऋणी असावं, वगैरे वगैरे.

"हे कोणीतरी जुने गृहस्थ दिसतात," अण्णा म्हणाले. "यांना समजलं. पण एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो, मग कोण छापतंय?" संपादकांचं पत्र न वाचताच त्यांनी सगळं पाकिटात परत घातलं आणि पाकीट भोपाळच्या ट्रंकेत, धोतरांच्या खाली ठेवून दिलं. मग जाऊन उरलेली दाढी केली.

मी त्या वर्षी इतिहासात एम.ए. झाले होते आणि आमच्या कॉलेजच्या सरांकडे लिखाणाला मदत करायला जायचे. सर स्वतः अशा त्रैमासिकांचे परीक्षक होते. त्यांचे अभिप्राय मीच सुवाच्य अक्षरात उतरवायचे. त्यामुळे या स्वयंपाकघराची आतली बाजू मी पाहिली होती. कुणाच्या लेखावर अभिप्राय आले आणि तो माणूस सरांकडे रडत आला, की सर त्याला तीन कोरे कागद द्यायचे. एकावर लिही, काय केल्याशिवाय लेख छापला जाणारच नाही. दुसऱ्यावर लिही, काय केलं तर बरं, नाही केलं तरी चालेल. तिसऱ्यावर लिही, संपादक बहुधा काय ठरवतील आणि ते कशावरून. स्वतःचं मत कुठेच लिहायचं नाही, राग तर नाहीच नाही. प्रत्येक ओळीपुढे परीक्षक कितवे आणि पान कितवं ते मांडायचं. सर म्हणायचे, "आवाज किती मोठा आहे ते पाहू नकोस, मागणी काय आहे ते पाहा."

दोन दिवस अण्णा घरात मुके फिरत होते. जेवताना आईनं आणखी भाकरी हवी का विचारलं, तर "काय फरक पडतो" असं उत्तर आलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ट्रंक उघडली, धोतरं बाजूला केली, पाकीट काढलं आणि खिडकीतल्या टेबलाशी बसले.

पहिल्या परीक्षकांची मिरची धुऊन काढली तेव्हा खाली फार थोडं उरलं. भाषा, विशेषणं, प्रस्तावनेची लांबी, नकाशा, हे सगळं दुसऱ्या कागदावर गेलं. संपादकांनी त्यांतल्या एकाचाही पत्रात उल्लेख केला नव्हता आणि त्यानं लेखाचं म्हणणं बदलत नव्हतं. प्रत्येक कागद कुठल्या बस्त्यातला ते सांगणं मात्र पहिल्या कागदावर घेतलं. त्यावाचून कुणालाच काही पडताळून पाहता येत नाही. मुख्य हुकमाचा संपूर्ण पाठ देवनागरीत शेवटी जोडावा, हे दोन्ही परीक्षकांनी लिहिलं होतं. दोघं एकच गोष्ट मागतात तेव्हा ती करायचीच असते, म्हणून तीही पहिल्या कागदावर. विहिरींच्या प्रकरणावर दोघांचं जमत नव्हतं. एक म्हणत होते काढा, दुसरे म्हणत होते तेच ठेवा. अशा वेळी संपादकांकडे बघायचं. त्यांनी पत्रात एका ओळीत लिहिलं होतं, 'विहिरींचा भाग राहू द्यावा.' म्हणजे वाद मिटला. मी तसं लिहून ठेवलं. आणि पहिल्या परीक्षकांच्या अगदी शेवटी, सगळा संताप ओतून झाल्यावर एक वाक्य होतं: 'एवढं असूनही हे कागद छापले गेलेच पाहिजेत.' अण्णांनी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

मग दुसरे परीक्षक घेतले. साखरभात चाचपत गेले आणि मधेच दाताखाली खडा आला. तिसऱ्या पानावर, व्यासंगाच्या कौतुकातच गुंडाळलेलं एक वाक्य होतं: 'मुख्य हुकमावरील फसली सन दक्षिणी की उत्तरी, हे लेखकांनी मूळ कागदावरून पाहिलेच असेल, सवडीने तेवढा खुलासा तळटिपेत केल्यास आनंद होईल.'

मी ते तीनदा वाचलं. फसली म्हणजे महसुली वर्ष. ते दोन प्रकारचं असतं. दक्षिणेतलं मृगाला सुरू होतं, उत्तरेतलं आश्विनाच्या सुमारास. नुसती सुरुवात वेगळी असती तर काही नव्हतं, पण आकड्यातही दोनएक वर्षांचा फरक पडतो. एकच आकडा दक्षिणी धरला तर जे साल येतं, उत्तरी धरला तर त्याच्या दोन वर्षं पुढचं येतं. आणि आम्ही तर ग्वाल्हेरची मराठी माणसं. किती पिढ्यांपूर्वी दक्षिण सोडली, बाजारात हिंदी, कचेरीत हिंदी, स्वप्नंसुद्धा अर्धी हिंदीत. पण घरातला हिशोब मृगाचाच! अण्णांनी मोडी अक्षर पाहिलं, मराठी मजकूर पाहिला आणि आकडा दक्षिणीच धरला. दुसरं काही असू शकतं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नसणार. पण हुकूम निघाला होता उत्तरेकडच्या एका परगण्याच्या कचेरीतून. तिथला कारकून आपल्या गावचीच फसली लिहिणार.

म्हणजे हुकूम दुष्काळाच्या आधीचा नसेल, तर नंतरचा. आणि मग दूरदृष्टी कुठली?

संध्याकाळी अण्णा आले, हातपाय धुऊन बसले. मी तीन कागद त्यांच्यासमोर ठेवले. आईही चहा घेऊन तिथेच बसली.

तिसरा कागद मी आधी वाचला. त्यावर लिहिलं होतं: बहुधा निर्णय, दुरुस्तीसाठी परत. नकार नाही आणि स्वीकारही नाही. कारण संपादक लिहितात की सुधारलेला लेख दुसऱ्या परीक्षकांना पुन्हा दाखवू. नाकारायचा असता तर पुन्हा दाखवायची भाषा केली नसती. जसाच्या तसा घ्यायचा असता तरीही केली नसती. पुढचं सगळं दुसऱ्या परीक्षकांच्या एका मुद्द्यावर आहे.

"दुसऱ्यांच्या? ते तर आपल्या बाजूचे आहेत," अण्णा म्हणाले. "तू उलटं वाचून राहिलीस पोरी. आडवे आहेत ते पहिले."

"पहिले ओरडून राहिलेत अण्णा, मागत काहीच नाहीत. मागतायत दुसरे." मी फसलीचं वाक्य वाचून दाखवलं.

"हं. हे तर सवडीनं म्हणतायत. टाक त्या दुसऱ्या कागदावर. भोपाळला गेलो की पाहून घेईन कधीतरी."

माझा स्वभाव फटकळ, पण त्या दिवशी मी आवाज खाली ठेवला. "अण्णा, दरबार होता तेव्हा वरून एखाद्या कागदावर 'सवडीने पाहावे' असा शेरा आला, तर तुम्ही काय करायचात?"

अण्णांनी कप बशीत ठेवला. "काय करायचं म्हणजे? हातातलं काम टाकून पळायचं. सवडीनं म्हणजे आत्ता. आणि 'पाहिलेच असेल' असं आलं तर..." ते थांबले.

"तर?"

"तर पाहिलं नाही हे वरती कळलंय." ते हळू म्हणाले. मग त्यांनी ते तिसरं पान स्वतः पुन्हा वाचलं. "मी पाहिलं नाही. मला गरजच वाटली नव्हती. आपली फसली ती फसली."

आई म्हणाली, "माझ्या सासूबाई अगदी अश्शाच बोलायच्या. मीठ घातलंच असशील म्हणायच्या." अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी चहा संपवला. फसलीचा मुद्दा मी मघाशीच पहिल्या कागदावर सगळ्यांत वर लिहिला होता. त्यांनी तो वाचला आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्याखाली स्वतः रेघ मारली.

आता अडचण अशी की त्या हुकमाचा बस्ता पेटीत गेला होता. अण्णांनीच भरला होता, पेटीवर खिळे ठोकले गेले होते आणि पेट्या त्याच आठवड्यात निघायच्या होत्या. अण्णांनी चोवीस तास काय काय केलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. ठोकलेली पेटी स्वतःच्या लेखासाठी उघडा म्हणणं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. दरबारी माणूस मागत नाही, मागायची वेळ आली की आजारी पडतो. पण ते गेले, आणि मला बरोबर घेऊन गेले, कारण मी सोबत असले की पाय मागे घेता येणार नव्हता.

दप्तराचे नवे साहेब हिंदीभाषी, वयानं अण्णांच्या मुलासारखे. अण्णांनी इतकं आडवळणानं सांगितलं की साहेबांना काही समजेना. शेवटी मीच म्हणाले, "सर, एक काग़ज़ की तारीख़ जाँचनी है। इन पर परीक्षक ने आपत्ति की है, और काग़ज़ चला गया तो फिर जाँच नहीं सकेंगे।"

साहेब अण्णांकडे पाहून म्हणाले, "पंडितजी, पेटी आपने बाँधी, काग़ज़ आपने सँभाले, और इजाज़त मुझसे माँग रहे हैं? खोलिए। हमारे सामने खोलिए, हम भी देखें।"

गोरखीतल्या त्या लांबट खोलीत पेटीचं झाकण निघालं आणि कडुनिंबाचा तो वास भपकन बाहेर आला. मला का कोण जाणे रडू आलं. ती खोली आता अशी कधी दिसणार नाही, हे मला तेव्हाच समजलं होतं. भिंतीवर फडताळांच्या जागी पांढरे चौकोन उरले होते. अण्णा खाली मांडी घालून बसले, बस्ता सोडला आणि न शोधता बरोबर तो हुकूम काढला.

पुढून तर सगळं तसंच होतं, फसलीचा नुसता आकडा. मग त्यांनी कागद उलटला. पाठीवर, हुकूम पोचल्याचा शेरा वेगळ्या हातानं लिहिलेला होता. खाली मिती, आणि विक्रम संवत. अण्णांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नक्कल करताना फक्त पुढची बाजू उतरवली होती. ते बोटांवर मोजत राहिले. मीही मोजत होते आणि माझं आधी झालं, पण मी त्यांचं होऊ दिलं.

"उत्तरी आहे," अण्णा म्हणाले. "दुष्काळ पडण्याच्या आधीचा नाही हा. संपल्यानंतरचा आहे."

साहेबांना नीट कळलं नाही, पण त्यांनी अण्णांचा चेहरा पाहिला आणि पाणी मागवलं. मला वाटलं, माझ्या त्या पहिल्या कागदानं बापाचं घर पाडलं. दरबारबद्दल त्यांना जे वाटायचं ते सगळं त्या एका तारखेवर उभं होतं. दरबार तर गेलाच होता, आता त्याचा मोठेपणाही मी काढून घेतला. असं मला मनापासून वाटलं आणि फार वाईट वाटलं.

अण्णा हुकूम पुन्हा वाचायला लागले. या वेळी मोठ्यानं, सावकाश. पाऊस झाला आहे, पीक उभं आहे, तरी विहिरींचं काम बंद करू नये. मजुरांचं धान्य चालू ठेवावं. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांना आणखी एक वर्ष शेतसाऱ्यातून मोकळं सोडावं. तोच मजकूर, जो ते कितीतरी वर्षं तोंडपाठ म्हणत आले होते. 'पाऊस झाला आहे' हे शब्द त्यांनी आजवर शुभशकुनासारखे वाचले होते. दुष्काळ सरल्यावरचा पाऊस असेल, असं वाचायला त्यांना वावच नव्हता.

"दूरदृष्टी नव्हती म्हणायची," ते म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "पण दुष्काळ संपला म्हणून हात काढून नाही घेतला. हे जास्त अवघड आहे पोरी. दुष्काळात तर कुणीही देतं."

त्यांनी तिथेच पाठीवरचा शेरा उतरवून घेतला. साहेबांनी पेटीचे खिळे पुन्हा ठोकवले.

घरी येऊन अण्णांनी चार दिवसांत लेख सुधारला. पहिल्या कागदावरचं सगळं केलं, एकेका ओळीपुढे खूण केली. दुसऱ्या कागदावरची विशेषणं त्यांनी स्वतःहून कापली, प्रस्तावनाही कापली. नकाशा जमला नाही, तसं संपादकांना लिहून कळवलं. सोबतच्या पत्रात प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं, आणि फसलीच्या मुद्द्याला: 'पाहिले नव्हते. आता पाहिले. म्हणणे बदलले आहे.' लेखाचं नाव ठेवलं, 'दुष्काळानंतर'. पुण्याला पाकीट टाकलं आणि त्या आठवड्यात ते पेट्यांबरोबर भोपाळला गेले. मी स्टेशनवर गेले होते. सगळ्यांचं सामान चढल्यावर ते चढले आणि गाडी हलली तरी डब्यातून पेट्या मोजत होते.

मला ग्वाल्हेरलाच शाळेत नोकरी लागली, म्हणून मी आणि आई मागे राहिलो. काही महिन्यांनी भोपाळहून अण्णांचं पत्र आलं. बस्ते एका कोरड्या खोलीत ठेवले आहेत, कडुनिंबाचा पाला इथेही मिळतो, जेवण बरं आहे, हिंदी मात्र वेगळी आहे. पुण्यानं लेख छापायला घेतला. आणि खाली लिहिलं होतं: 'दुसऱ्या परीक्षकांनी या वेळी एकच ओळ लिहिली आहे. "मला यात आता काही सुचवायचे नाही." ही ओळ तुझ्या तीन कागदांपैकी कुठल्या कागदावर जाते, ते कळव. मला ठरवता येत नाही.'

मी ते पत्र आईला वाचून दाखवलं आणि उत्तर लिहायला बसले. तीन कागदांपैकी एकावरही ती ओळ बसेना. शेवटी एक चौथा कागद घेतला, त्यावर ती ओळ माझ्या चांगल्या अक्षरात लिहिली, खाली अण्णांच्या लेखाचं नाव लिहिलं, आणि दुसरं काही न लिहिता भोपाळला पाठवून दिला. अण्णा निवृत्त होऊन परत आले तेव्हा तो कागद त्यांच्या ट्रंकेत, धोतरांच्या खाली होता. घडी उघडली तर आत कडुनिंबाची पानं होती.